एका कार्डावर दोन निकाल

न्यायालयाच्या तळघरात, जिन्याच्या तेरा पायऱ्या उतरल्या की उजव्या हाताला वकिलांचं ग्रंथालय लागतं. तिथं बाई बसायच्या. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. मोठे वकील, शिकाऊ वकील, शिपाई, एकदोन न्यायमूर्तीसुद्धा.

बाईंचे वडील बुकबाइंडर होते. आठवड्यातून दोनदा ते न्यायालयाच्या फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा सायकलवर बांधून घरी न्यायचे आणि लेक खळीची वाटी धरून शेजारी बसायची. दहावीत ती दोनदा नापास झाली. पण पुस्तक कुठल्या मालिकेचं, कितवा खंड, कोणत्या वर्षाचा, हे ती अंधारात त्याच्या पाठीवर हात फिरवून सांगायची. शेतकरी जसा ओंबी चोळून दाणा किती भरला ते सांगतो, तशी. वडील थकले तेव्हा ग्रंथालयवाल्यांनी लेकीलाच बोलावलं, शिवण्याचिकटवण्यासाठी. ती आली ती तिथलीच झाली. कायदा तिला कुणी शिकवला नाही. पुस्तकं उसवता उसवता तो तिच्या अंगाला लागला.

पुढं कार्डांचं लाकडी कपाट बाईंनी स्वतः उभं केलं. चाळीस खण, अकरा हजार कार्डं. प्रत्येक कार्डावर एक निकाल आणि तो जिथं जिथं सापडतो तिथले सगळे पत्ते. या पत्त्यांना वकिलांच्या भाषेत सायटेशन म्हणतात. चार महिन्यांनी बाई निवृत्त होणार होत्या आणि ही कार्डं जशीच्या तशी संगणकात जाणार होती. “बाईंचं कार्ड” म्हटलं की वरच्या मजल्यावरही कुणी पुढं विचारायचं नाही. याचा बाईंना मान होता. थोडा जास्तच होता.

त्या दिवशी एक वाजून पाच मिनिटांनी उंच वकील तेरा पायऱ्या चार ढांगांत उतरले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाई, मेलो.”

“बसा आधी. पाणी प्या.”

“पाणी नको. मिठागराच्या खटल्याचं कार्ड काढा.”

वकिलांच्या मागून दोन बायका हळूहळू उतरल्या. एक चाळिशीची, नर्स. नदीपलीकडं आठ खाटांचं प्रसूतिगृह चालवणारी. दुसरी तिची सासू, हातात पिशवी, तोंडात सतत काहीतरी. सकाळपासून त्या दोघी वरच्या बाकावर बसून होत्या.

प्रकरण बाईंना माहीत होतं. आरोग्य खात्यानं नर्सचा परवाना एका पत्रानं रद्द केला होता. ना नोटीस, ना म्हणणं मांडायची संधी. न्यायालयानं त्याला तात्पुरती स्थगिती दिली होती, ती आज पाच वाजता संपत होती. पाच वाजता खात्याची गाडी दाराला सील ठोकायला येणार. आत दोन बाया दिवस भरलेल्या होत्या आणि पलीकडचं मोठं इस्पितळ पाऊण दिवसाच्या वाटेवर.

“वर काय झालं ते सांगा,” बाई म्हणाल्या. हात मात्र एकविसाव्या खणाकडं गेलाच होता.

“मी मिठागराचा निकाल वाचला. परवाना काढून घेण्याआधी ज्याचा परवाना आहे त्याला ऐकून घेतलंच पाहिजे, ते वाक्य. सायटेशन दिलं, परिच्छेद त्रेचाळीस. खात्याच्या वकीलबाई उठल्या. म्हणाल्या, मी हा निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावरून छापून आणलाय. यात परिच्छेदच एकतीस आहेत. त्रेचाळिसावा येणार कुठून? आणि म्हणे, या निकालात मिठागरवाला हरलेला आहे!”

“अगंबाई,” सासू म्हणाली. “म्हणजे आपल्या वकिलानं दुसऱ्याचीच बाजू मांडली?”

“सासूबाई, जरा गप्प बसा,” नर्स म्हणाली.

“गप्पच आहे मी. सकाळपासून गप्प आहे.”

वकिलांनी कपाळ पुसलं. “गेल्याच महिन्यात याच न्यायमूर्तींपुढं कुणीतरी जगात नसलेला निकाल दाखवला होता. तेव्हापासून ते पेटलेले आहेत. मला म्हणाले, सव्वादोनला परत बसेन. तोवर हे वाक्य कुठं आहे ते दाखवा, नाहीतर तुमची निकालांची अख्खी यादी बाजूला ठेवीन आणि तुमच्याबद्दल काय लिहायचं तेही ठरवीन.”

बाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं. निळ्या शाईतलं त्यांचं गोल, नीटस अक्षर. वर पक्षकार आणि खाली एकाच ओळीत तीन पत्ते:

[२००४] उ.न्या. (प्रशा.) ३१८, [२००५] २ न्या.वृ. ११२; (२००५) १९ प्र.नि. ३४१.

“मी इथूनच उतरवलं,” वकील म्हणाले. आवाजात आरोप नव्हता, म्हणूनच तो जास्त टोचला. “वाक्य न्यायवृत्ताच्या खंडातून घेतलं. त्या वर्षीच्या खंडांत न्यूट्रल नंबर छापलेला नसायचा. तो तुमच्या कार्डावरून घेतला.”

“काय गं बाई ही गणितं,” सासू पुटपुटली. “कोणत्या पानावर आहे ते सांगावं माणसानं सरळ.”

एरवी बाई हसून पुढं गेल्या असत्या. पण त्यांना स्वतःलाच ते कार्ड पायरी पायरीनं तपासायचं होतं. त्यांनी कार्डावर बोट ठेवलं.

“बघा आजी. हा पहिला पत्ता न्यायालयानंच दिलेला. वर्ष, न्यायालय, प्रशासकीय शाखा, आणि त्या वर्षातला तो तीनशे अठरावा निकाल. पुस्तक छापो न छापो, हा नंबर त्याला जन्मतःच चिकटतो. कुठल्या छापखान्याचा नाही, म्हणून न्यूट्रल. याच्यात पान नसतं. परिच्छेदाचा आकडा सांगायचा. तो कुठल्याही छापील प्रतीत तोच राहतो. पुढचे दोन पत्ते पुस्तकांचे. न्यायवृत्त, दोन हजार पाच सालचा दुसरा खंड, पान एकशे बारापासून सुरू. आणि प्रशासन निवाडे, एकोणिसावा खंड, पान तीनशे एक्केचाळीस. एकच निकाल तीन ठिकाणी. एकाच माणसाचे तीन घरांचे पत्ते. याला समांतर सायटेशन म्हणतात.”

“मग तिन्ही घरांत एकच माणूस आहे ना?” सासूनं विचारलं.

बाईंचं बोट थांबलं.

म्हातारीनं सहज विचारलं होतं. पण बाईंनी कार्ड उचलून डोळ्यांजवळ आणलं. त्या कंसांकडं बघत राहिल्या. बावीस वर्षं त्या शिकाऊ वकिलांना कंस शिकवत आल्या होत्या. चौकोनी कंसातलं वर्ष म्हणजे खंडाचं नाव. ते सोडलं तर पुस्तकच सापडत नाही. निकाल डिसेंबरचा असला तरी छापील खंड पुढच्या वर्षाचा असू शकतो, त्यात वावगं काही नाही. पण गोल कंसाचं तसं नाही. प्रशासन निवाड्यांचे खंड एकामागून एक नंबरानं चालतात, एकोणीस म्हटलं की पुस्तक हाताशी. तिथं गोल कंसात जे वर्ष असतं ते निकाल कधी दिला त्याचं.

गोल कंसात दोन हजार पाच. आणि न्यूट्रल नंबर दोन हजार चारचा.

एकच निकाल दोन वर्षांत कसा दिला जाईल?

घड्याळात एक वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

बाई उठल्या. मधल्या रांगेच्या टोकाला, खालून दुसऱ्या फळीवर एकोणिसावा खंड. तपकिरी पाठ. ही पाठ त्यांनीच दोनदा शिवली होती. त्यांनी उभ्याउभ्याच पान तीनशे एक्केचाळीस उघडलं. मथळ्याखाली बारीक अक्षरात न्यायालयाचं नाव होतं.

अपील न्यायालय. तीन न्यायमूर्ती. मार्च दोन हजार पाच.

परत येताना बारा पावलांचं अंतर त्यांना लांब वाटलं. खालच्या न्यायालयात मिठागरवाला हरला होता, दोन हजार चार साली, एका न्यायमूर्तींपुढं. तो अपिलात गेला. अपिलात जिंकला. पक्षकार तेच, मिठागर तेच, भांडण तेच. निकाल मात्र दोन. आणि बाईंनी बावीस वर्षांपूर्वी पक्षकारांची नावं जुळली म्हणून दोन्ही एका कार्डावर एका ओळीत लिहून टाकले होते. तारीख पाहिली नव्हती. न्यायपीठ पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घरात काही अडचण होती का, अंगात ताप होता का, त्यांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. काहीही नव्हतं. साधा, बरा दिवस होता. चूक झाली होती, इतकंच.

“सापडलं?” वकिलांनी विचारलं.

“सापडलं. चूक माझी आहे.”

वकिलांनी त्यांच्याकडं पाहिलं. बाई कधी असं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

“पहिला नंबर हरलेल्या निकालाचा. पुढची दोन पुस्तकं जिंकलेल्या निकालाची. तुम्ही वाचलेलं वाक्य खरं आहे, परिच्छेदही खरा. पण तुम्ही दारावर पाटी लावली ती शेजारच्या घराची.”

वकिलांनी भलामोठा श्वास सोडला. “सुटलो! मग मी सांगतो, टायपिंगमध्ये चूक झाली. अपिलाचा नंबर देतो. दोन मिनिटांचं काम.”

“टायपिंगमध्ये नाही झाली.”

“बाई, कशाला स्वतःला...”

“साहेब, ते न्यायमूर्ती विचारणार, नंबर आला कुठून. तुम्ही म्हणाल टायपिंग. वकीलबाई म्हणतील, शेवटचा आकडा चुकतो, अख्खं न्यायालय आणि साल कसं चुकतं? मग खरं वाक्यसुद्धा खोटं वाटेल. आणि तुम्हीही तो नंबर उघडून पाहिला नाहीत.”

“तुमचं कार्ड होतं म्हणून!”

“म्हणूनच सांगते.”

नर्स आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, “मी रक्तगट लिहिलेला कागद पाहून कधी बाटली लावत नाही. परत तपासते. कागद माझ्या हातचा असला तरी.”

वकिलांनी खुर्ची ओढली आणि बसले. “सांगा, काय करायचं.”

बाईंनी संगणक चालू केला. अपील न्यायालयाची दोन हजार पाच सालची यादी काढली. मार्च महिना. मशिनचं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. सासूनं पिशवीतून डबा काढून बाईंपुढं सरकवला. “खा दोन घास. जेवणाची वेळ टळून चाललीय.”

“नंतर, आजी.”

सापडला. [२००५] अपील न्या. ९७. बाईंनी लगेच लिहून घेतला नाही. आधी तारीख खंडाशी जुळवली. मग तिन्ही न्यायमूर्तींची नावं. मग पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद, एकूण संख्या. अठ्ठावन्न. मग त्रेचाळीस, शब्दाला शब्द. जे बावीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते सगळं त्यांनी आता केलं, आणि घड्याळ त्यांच्या मानेवर बसून टिकटिक करत होतं. एक एक्केचाळीस.

“झालं ना?” वकील अर्धे उठले.

“अजून एक. या निकालाचं पुढं काय झालं ते?”

कुठल्या नंतरच्या निकालानं हा मान्य केला, कुठल्यानं त्याला मुरड घातली, ते पाहायचं राहिलं होतं. पाच निकालांत त्याचा आधार घेतला होता. सहावा वेगळा होता. दोन हजार अकराचा, अपील न्यायालयाचाच, कुठल्याच पुस्तकात न छापलेला. त्याला फक्त न्यूट्रल नंबर. बाईंनी एकोणिसावा परिच्छेद वाचला आणि संगणकाचा पडदा वकिलांकडं वळवला. लोकांच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर परवाना आधी थांबवून सुनावणी नंतर घेता येईल, असं तिथं म्हटलं होतं.

वकिलांचा चेहरा पुन्हा पडला. “हा नको. वकीलबाईंना माहीत नसेल. छापलेलासुद्धा नाही.”

“छापला नाही म्हणून तो निकाल नाही का?”

“बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?”

“मी पुस्तकांच्या बाजूची. विरुद्ध जाणारं माहीत असूनही लपवलं आणि नंतर उघडं पडलं, तर या ताईंचं दार आजच बंद होईल. मग तुम्ही कितीही परिच्छेद वाचा.”

वकिलांनी नर्सकडं पाहिलं. नर्सनं विचारलं, “आमच्या पत्रात धोक्याचं काही लिहिलंय?”

पत्र फायलीतून निघालं. दोन ओळींचं. तपासणीत त्रुटी आढळल्या, सबब परवाना रद्द. तपासणीची तारीख पाच महिन्यांपूर्वीची.

“पाच महिने धोका झोपला होता वाटतं,” सासू म्हणाली.

वकिलांनी त्या वाक्याकडं असं पाहिलं जसं रानात पाण्याचा झरा दिसावा. त्यांनी फायलीच्या कोपऱ्यावर ते लिहूनच घेतलं.

बाईंनी एक कोरा कागद घेतला आणि हातानं लिहिलं:

“आधारभूत निकाल: [२००५] अपील न्या. ९७, परिच्छेद ४३. समांतर: [२००५] २ न्या.वृ. ११२, पान १२९. (२००५) १९ प्र.नि. ३४१, पान ३५६. मूळ न्यायालयाचा निकाल [२००४] उ.न्या. (प्रशा.) ३१८, वरील अपिलात फिरवला गेला. नंतरचा, मर्यादा घालणारा निकाल: [२०११] अपील न्या. २०८, परिच्छेद १९, अप्रकाशित. सकाळच्या यादीतील चूक ग्रंथालयाच्या कार्डावरून आली. ते कार्ड मी लिहिलेले आहे.” खाली सही.

शेवटचं वाक्य लिहिताना पेन एकदा अडलं. मग पुढं गेलं.

“दोन्ही पुस्तकांची पानं वेगळी का?” वकिलांनी घाईत विचारलं. त्यांना माहीत होतं, पण माणूस घाबरला की शाळेतलं विचारतो.

“पान त्या त्या पुस्तकाचं असतं. न्यायवृत्ताच्या एकशे एकोणतीस पानावर जे आहे ते निवाड्यांत तीनशे छप्पन्नवर. एकाचं पान दुसऱ्याला लावू नका. परिच्छेद तेवढा सगळीकडं तोच. जा आता.”

दोन वाजून नऊ मिनिटं. वकील, नर्स, सासू, सगळे पायऱ्या चढले. बाई कधी वर जात नसत. त्या दिवशी गेल्या. मागच्या बाकावर, दाराजवळ बसल्या.

न्यायमूर्तींनी कागद वाचला. एकदा. मग परत. खात्याच्या वकीलबाईंकडं प्रत गेली होती. त्यांनी ओठ मुडपले, पण उठल्या नाहीत.

“हे कुणी लिहिलंय?” न्यायमूर्तींनी विचारलं.

वकील उभे राहिले. बाईंना त्यांची पाठ दिसत होती. ती सरळ झाली. “ग्रंथालयाच्या बाईंनी, महोदय. पण कार्डावरचा नंबर मी स्वतः उघडून पाहिला नाही. तपासायचं काम माझं होतं. चूक माझी आहे.”

बाकावर सासू कुजबुजली, “एक चूक, धनी दोन.”

न्यायमूर्तींनी अपिलाचा निकाल पडद्यावर उघडला. त्रेचाळिसावा परिच्छेद त्यांनी मोठ्यानं वाचला. मग दोन हजार अकराचा एकोणिसावा. मग वकीलबाईंना म्हणाले, “हा दुसरा तुमच्या बाजूचा आहे. तुम्ही आणला नव्हता. त्यांनीच आणून दिला.”

“त्यावर आम्ही भर देतो, महोदय. प्रसूतिगृह आहे, जिवाचा प्रश्न आहे.”

“आदेशात तातडीचा उल्लेख कुठं आहे?”

वकीलबाईंनी कागद चाळले. “उल्लेख नाही. पण परिस्थितीवरून...”

“तपासणी केव्हा झाली?”

त्यांनी तारीख सांगितली.

“आणि पाच महिने परवाना तसाच चालू ठेवला?”

वकीलबाईंचं उत्तर बाईंना नीट ऐकू आलं नाही. त्यांचं लक्ष नर्सच्या हातांकडं होतं. ती दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती, जणू कुणी त्यात काही ठेवणार आहे.

चार वाजायला वीस मिनिटं असताना न्यायमूर्तींनी आदेश सांगितला. परवाना रद्द करणारं पत्र बाजूला. खात्याला वाटलं तर नव्यानं नोटीस द्यावी, नर्सचं म्हणणं ऐकावं, मग कारणं देऊन ठरवावं. तोवर प्रसूतिगृह चालू. आणि शेवटी त्यांनी चष्मा काढला. “या न्यायालयात निकाल दाखवताना न्यूट्रल नंबर आणि समांतर पत्ता, दोन्ही स्वतः उघडून पाहिलेले असावेत. कार्ड कुणाचंही असो.”

बाई खाली आल्या. निरोप घ्यायला सासू जिन्याच्या तोंडाशी आली आणि डबा टेबलावर ठेवून गेली. “आता खा,” एवढंच म्हणाली.

बाईंनी ते कार्ड फाडलं नाही. पट्टी ठेवून पहिल्या पत्त्यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला तारीख आणि सही. मग दोन नवी कार्डं लिहिली, एक खालच्या निकालाचं, एक अपिलाचं, आणि दोन्हींवर एकमेकांची खूण. मग उभं राहून त्यांनी कपाटाकडं पाहिलं. चाळीस खण. अकरा हजार कार्डं. चार महिने. त्यांनी पहिला खण बाहेर ओढला, टेबलावर आणला आणि पहिलं कार्ड घेऊन खंड उघडला. तारीख. न्यायपीठ.

आठव्या दिवशी नर्सच्या निकालाला न्यायालयानं नंबर दिला. उंच वकील तो चिठ्ठीवर घेऊन आले. बाईंनी संगणकावर निकाल उघडला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मगच कार्डावर वर्ष, न्यायालय आणि आकडा लिहिला. पुढं स्वल्पविराम देऊन त्या थांबल्या.

“समांतर?” वकिलांनी विचारलं.

“अजून कुठल्या पुस्तकात आला नाही. येईल की नाही, माहीत नाही.” बाईंनी पुढची जागा कोरी ठेवली. “तोवर हा एकच पत्ता. पुरेसा आहे.”

“प्रसूतिगृहातल्या त्या दोघी बाळंत झाल्या,” वकील म्हणाले. “एक परवा, एक काल.”

बाईंनी मान हलवली, कार्ड खणात आपल्या जागी सरकवलं आणि सातवा खण काढायला वाकल्या.